दावा दाखल झाला, पण खर्च कधी धरायचा? तरतूद आणि आकस्मिक देयता यांतील सीमारेषा

एखाद्या कंपनीवर कोणी दोन-अडीच कोटींचा दावा लावला की तिच्या हिशेबात नेमके काय बदलते, या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरे ऐकू येतात. काही मालक म्हणतात की निकाल लागेपर्यंत हिशेबात काहीच लिहिण्याचे कारण नाही, कारण अजून कोणी काही सिद्ध केलेले नाही. उलट काही सावध मंडळी मागितलेली सगळी रक्कम त्याच वर्षी खर्ची टाकून मोकळी होतात. लेखामानकांच्या दृष्टीने ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. निकालाची वाट पाहत थांबणे जसे मान्य नाही, तसे केवळ कोणी मागितले म्हणून रक्कम खर्ची टाकणेही मान्य नाही.

भारतात या विषयाची दोन मानके आहेत. सूचिबद्ध कंपन्या आणि 250 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक निव्वळ मूल्य असलेल्या कंपन्या यांना इंड-एएस 37 लागू होते. रबाळे, महापे, तुर्भे किंवा वागळे इस्टेटमधल्या बहुसंख्य खासगी कंपन्या या मर्यादेच्या खाली असतात, त्यामुळे त्यांना एएस 29 हे जुने मानक लागू पडते, जे 1 एप्रिल 2004 पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी अमलात आले. दोघांतला गाभा जवळजवळ सारखाच आहे. जिथे फरक पडतो तिथे तो सांगेन.

तरतूद करायची, म्हणजे रक्कम ताळेबंदात देणे म्हणून लिहायची आणि त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा करायची, तर तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. पूर्वी घडलेल्या एखाद्या घटनेमुळे वर्षअखेरीस कंपनीवर जबाबदारी आलेली असली पाहिजे, ती भागवण्यासाठी पैसा बहुधा बाहेर जाणार असला पाहिजे, आणि त्या रकमेचा विश्वासार्ह अंदाज करता आला पाहिजे. यांतला ‘बहुधा’ हा शब्द सैल वाटला तरी मानकात त्याला ठरलेला अर्थ आहे : घडण्याची शक्यता न घडण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त असणे. पैसा जाऊही शकतो, पण न जाण्याचीच शक्यता अधिक आहे, असे असेल तर ती आकस्मिक देयता ठरते. तिची रक्कम ताळेबंदाच्या आकड्यांत येत नाही, फक्त टिपांमध्ये तिची माहिती द्यावी लागते. आणि पैसा जाण्याची शक्यता अगदीच नगण्य असेल तर टिपेतही काही लिहिण्याचे बंधन नाही.

नियम एवढाच आहे. अडचण तो लावताना येते, कारण दावा ही एकसंध वस्तू नसते. तिच्यात अनेक मागण्या असतात, प्रत्येकीचे बळ वेगळे असते आणि ते बळ वर्षागणिक बदलते. म्हणून एकच दावा घेऊन तो चार वर्षअखेरींमधून कसा जातो ते पाहू. खालील कंपनी आणि तिचे आकडे उदाहरणासाठी रचलेले आहेत.

रबाळ्यातील कंपनी आणि तळोज्यातील ग्राहक

रबाळे एमआयडीसीमधील एक खासगी कंपनी रासायनिक यंत्रांना लागणारी रबरी सील तयार करते. जानेवारी 2023 मध्ये तिने तळोज्यातील एका रसायन कारखान्याला सीलची एक खेप पाठवली. फेब्रुवारीत त्या कारखान्यात गळती झाली, रिअ‍ॅक्टरमधला माल खराब झाला आणि उत्पादन काही दिवस थांबले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ग्राहकाचे पत्र आले आणि त्यात एकूण 2 कोटी 40 लाख रुपयांची मागणी होती : सील बदलून देण्याचे 18 लाख, खराब झालेल्या मालाचे 44 लाख, थांबलेल्या उत्पादनामुळे बुडालेल्या नफ्याचे 78 लाख आणि बाजारातील नावलौकिकाला बसलेल्या धक्क्याचे 1 कोटी.

31 मार्च 2023 रोजी वर्ष संपले तेव्हा न्यायालयात काहीही दाखल झालेले नव्हते. त्यामुळे लेखा विभागातून पहिली प्रतिक्रिया येते ती अशी की दावाच नाही, तर नोंद कशाची करायची? पण मानक घटना पाहते, आणि इथली घटना म्हणजे सदोष माल पाठवला जाणे, जर तो सदोष असेल तर. ती जानेवारीत घडून गेलेली आहे. दावा दाखल होणे ही त्या घटनेनंतरची केवळ एक पायरी आहे. दिवाणी दाव्याचा नोंदणी क्रमांक पडल्यावरच विचार सुरू करायचा, ही सवय मी अनेक हिशेबांत पाहिली आहे आणि तिचा परिणाम असा होतो की ज्या वर्षी नुकसान झाले त्या वर्षाचा नफा फुगलेला दिसतो.

आता त्या चार मागण्यांकडे एकेक करून पाहावे लागते. मार्चच्या अखेरीस कंपनीच्या विक्री प्रमुखाने ग्राहकाला लेखी कळवले होते की दोष कुणाचा हा प्रश्न बाजूला ठेवून सगळी सील विनामूल्य बदलून दिली जातील. ग्राहक मोठा होता आणि संबंध टिकवायचे होते. हे आश्वासन देऊन झाल्यावर त्यातून मागे फिरण्याचा मार्ग प्रत्यक्षात उरत नाही. एएस 29 मध्ये तर व्यवसायातील रूढी आणि चांगले संबंध राखण्याची इच्छा यांतूनही जबाबदारी निर्माण होते असे स्पष्ट म्हटलेले आहे. म्हणून या मागणीपुरती तरतूद करावीच लागते. मात्र ती 18 लाखांची होत नाही. 18 लाख ही ग्राहकाने धरलेली विक्रीची किंमत आहे. कंपनीला तेवढी सील नव्याने बनवून पोहोचवायला येणारा खर्च 11 लाख आहे, आणि जबाबदारी भागवायला लागणारा खर्च म्हणजे हेच 11 लाख. समोरच्याने मागितलेली रक्कम आणि आपल्याला येणारा खर्च यांची अशी गल्लत वॉरंटीच्या प्रकरणांत फार होते.

उरलेल्या तीन मागण्यांचे काय? कंपनीचे हिशेब संचालक मंडळाने ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर केले. तोपर्यंत कंपनीच्या स्वतःच्या प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला होता आणि त्यानुसार राखून ठेवलेल्या नमुन्यांचा कठीणपणा ठरलेल्या मर्यादेत होता. ग्राहकाने बहुधा वेगळेच द्रावक वापरले असावे, असा तंत्रज्ञांचा तर्क होता. वकिलांचे मत पडले की खराब मालाची आणि उत्पादनाची मागणी पूर्णपणे झटकता येण्यासारखी नाही, पण हातात असलेल्या पुराव्यावर ती मान्य होण्यापेक्षा फेटाळली जाण्याची शक्यता जास्त आहे. म्हणून 44 आणि 78 मिळून 1 कोटी 22 लाख रुपये आकस्मिक देयता म्हणून टिपेत गेले. नावलौकिकाच्या 1 कोटीबद्दल वकील ठाम होते. भारतीय करार कायद्याच्या कलम 73 नुसार करारभंगातून दूरवरच्या आणि अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई मिळत नाही, शिवाय खरेदी आदेशातच अप्रत्यक्ष नुकसान वगळणारी अट होती. ही शक्यता नगण्य ठरली, त्यामुळे ती रक्कम आकस्मिक देयतेत धरलेली नाही. तरीही टिपेत एक वाक्य घातले गेले की ग्राहकाची एकूण मागणी 2 कोटी 40 लाखांची आहे. ते बंधनकारक नव्हते. पण हेच पत्र उद्या बँकेच्या किंवा गुंतवणूकदाराच्या हाती पडले तर त्याला टिपेतला आकडा आणि पत्रातला आकडा यांतला फरक कळावा, हे मला शहाणपणाचे वाटते.

कंपनी कायद्याच्या अनुसूची 3 मध्ये आकस्मिक देयतेच्या टिपेतला पहिला प्रकारच ‘कंपनीवरील, पण देणे म्हणून मान्य न केलेले दावे’ असा आहे. तिथे केवळ आकडा टाकणे पुरेसे होत नाही. देयतेचे स्वरूप काय, तिचा आर्थिक परिणाम किती असू शकेल, अनिश्चितता कशाबद्दल आहे आणि कुणाकडून भरपाई मिळण्याची शक्यता आहे का, हेही शक्य तेवढे सांगावे लागते. छोट्या आणि मध्यम कंपन्यांना तरतुदीच्या वर्षभरातील हालचालींचा तक्ता देण्यापासून सूट आहे, पण आकस्मिक देयतेच्या या माहितीपासून सूट नाही. अनेक जण पहिली सूट दुसरीलाही लागू आहे असे समजून चालतात.

अहवाल येतो आणि रक्कम जागा बदलते

2023-24 मध्ये नवीन सील पोहोचवण्यात आली. प्रत्यक्ष खर्च 10 लाख 40 हजार झाला, तो तरतुदीतून वापरला गेला आणि शिल्लक राहिलेले 60 हजार रुपये परत उत्पन्नात घेतले गेले. हे 60 हजार दुसऱ्या एखाद्या खर्चासाठी वापरता येत नाहीत. तरतूद ज्या खर्चासाठी केली त्याच खर्चासाठी वापरायची असते.

दरम्यान मध्यस्थीचा प्रयत्न फसला आणि 1 डिसेंबर 2023 रोजी ग्राहकाने ठाण्यात व्यापारी दावा दाखल केला. बदलून मिळालेल्या सीलची मागणी वगळून त्याने 2 कोटी 22 लाख आणि व्याज मागितले. पण लक्षात घ्या, दावा दाखल झाल्यामुळे हिशेबात काहीही आपोआप बदलले नाही. बदल घडवला तो मे 2024 मध्ये आलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाच्या अहवालाने. त्यात असे निघाले की खेपेतील सुमारे एक तृतीयांश सील भट्टीत पुरेशी भाजली गेली नव्हती. कंपनीने आपली भट्टीची नोंदवही पुन्हा काढून पाहिली तेव्हा एका पाळीत तापमान ठरलेल्या वेळेआधीच उतरवल्याचे दिसले. राखून ठेवलेले नमुने दुसऱ्या पाळीतले होते, म्हणून पहिल्या तपासणीत ते निर्दोष ठरले होते.

अहवाल आला मे मध्ये, वर्ष संपले 31 मार्चला. मग ही नोंद 2023-24 मध्ये की 2024-25 मध्ये? उत्तर पहिल्या वर्षाच्या बाजूने आहे, कारण हिशेब अजून मंजूर झालेले नव्हते आणि अहवालाने नवीन काही घडवले नाही, 31 मार्चला जी परिस्थिती होतीच ती उघड केली. सील जानेवारी 2023 मध्येच कच्ची होती. वर्ष संपल्यानंतरच्या घटनांमध्ये हा भेद महत्त्वाचा आहे. आधीच्या परिस्थितीचा पुरावा देणारी घटना आकड्यांत घ्यायची, नंतर नव्याने निर्माण झालेली परिस्थिती घ्यायची नाही. मे महिन्यात कारखान्याला आग लागली असती तर ती मार्चच्या ताळेबंदात गेली नसती.

आता वकिलांना दुसऱ्यांदा विचारले गेले, आणि इथे प्रश्न कसा विचारला हे उत्तराइतकेच महत्त्वाचे ठरते. ‘या दाव्याबद्दल आपले मत कळवा’ असे पत्र पाठवले की ‘गुणवत्तेच्या आधारे आमची बाजू भक्कम असून आम्ही जोरदार प्रतिवाद करू’ अशा आशयाचे दोन ओळींचे उत्तर येते. त्यावरून तरतूद करायची की टीप लिहायची हे कोणालाच ठरवता येत नाही. लेखापरीक्षकाच्या हाती असे पत्र दिले तर तो ते परत पाठवेल, निदान पाठवायला हवे. विचारायचे असते ते प्रत्येक मागणीबद्दल वेगळे : दोष सिद्ध होण्याची शक्यता न होण्यापेक्षा जास्त आहे का, झाल्यास रक्कम कोणत्या दोन आकड्यांच्या दरम्यान पडेल, त्यांतला सर्वांत संभवनीय आकडा कोणता, आणि हे मत कोणत्या पुराव्यावर आधारलेले आहे. वकिलांना अशी उत्तरे द्यायला आवडत नाही, हे खरे आहे. ‘अर्धी-अर्धी शक्यता’ हे त्यांचे लाडके उत्तर असते, आणि ते शब्दशः घेतले तर ‘जास्त शक्यता’ या कसोटीला उतरत नाही, म्हणून तरतूद टळते. पण खोलात गेल्यावर बहुधा कळते की ते आकड्याने दिलेले मत नसून न बोलण्याचा सभ्य प्रकार आहे. अंतिम निर्णय मात्र वकिलाचा नसतो. वकील पुरावा देतो, आणि तो तोलण्याची जबाबदारी संचालकांची असते.

या प्रकरणात वकिलांनी कळवले की दोष सिद्ध होण्याची शक्यता आता जास्त आहे. खराब मालाची भरपाई 30 ते 44 लाखांच्या दरम्यान मिळू शकेल आणि ग्राहकाने जो माल पुन्हा प्रक्रिया करून विकला त्याची वजावट धरता 36 लाख सर्वांत संभवनीय वाटतात. उत्पादन थांबल्याच्या मागणीवर खरेदी आदेशातील अटीचा परिणाम कितपत होईल हे अनिश्चित आहे, पण ती मागणी मान्य न होण्याची शक्यता अधिक आहे. यावरून 36 लाखांची तरतूद झाली. खराब मालातील उरलेले 8 लाख आणि उत्पादनाचे 78 लाख, असे मिळून 86 लाख आकस्मिक देयता म्हणून टिपेत राहिले. एकाच दाव्याचा एक भाग ताळेबंदात आणि दुसरा टिपेत असल्यामुळे दोन्ही टिपांमधला संबंध वाचणाऱ्याला दिसेल अशा रीतीने लिहिला गेला.

इथे कोणी विचारेल की 30 ते 44 यांचा मध्य 37 येतो, मग 36 का? कारण एकच दावा असताना सरासरी काढण्यात फारसा अर्थ नसतो. न्यायालय सरासरी देत नाही, ते एक आकडा देते. हजारो ग्राहकांना वॉरंटी दिलेली असेल तर शक्यतांनी गुणून काढलेला सरासरी अंदाज योग्य ठरतो. एकट्या दाव्यात सर्वांत संभवनीय आकड्यापासून सुरुवात करायची आणि इतर शक्यता त्याच्या बऱ्याच वर किंवा बऱ्याच खाली असतील तर त्याप्रमाणे तो हलवायचा.

संचालकांची एक भीती याच टप्प्यावर पुढे येते. आपण 36 लाख लिहून ठेवले हे ग्राहकाच्या वकिलाने वार्षिक हिशेबात वाचले तर तो तडजोडीत 36 च्या खाली उतरेल का? भीती अनाठायी नाही. मानकानेही तिची दखल घेतली आहे, पण ती मर्यादित आहे. अत्यंत विरळ प्रकरणांत, जिथे माहिती दिल्याने वादातील स्थितीला गंभीर बाधा येईल, तिथे ती माहिती गाळता येते. मात्र वादाचे साधारण स्वरूप आणि माहिती का दिली नाही याचे कारण लिहावे लागते. ही सूट फक्त माहिती देण्यापुरती आहे, तरतूद करण्यापासून ती सुटका देत नाही. व्यवहारात दावा एकटा नसेल तर त्याची तरतूद त्याच प्रकारच्या इतर तरतुदींबरोबर मिळून एका आकड्यात दाखवली जाते आणि प्रश्न तिथेच निवळतो.

विमा, निकाल आणि अपील

कंपनीकडे उत्पादनांबद्दलच्या दायित्वाचा विमा होता. 2023-24 मध्ये विमा कंपनीने केवळ दावा तपासत असल्याचे कळवले, म्हणून त्या वर्षी काहीही नोंदवले गेले नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये तिने लेखी मान्य केले की खराब मालाबद्दल न्यायालय जी भरपाई ठरवेल तिच्यापैकी 15 लाखांपर्यंतचा भार ती उचलेल. येणाऱ्या पैशाची कसोटी जाणाऱ्या पैशापेक्षा कडक आहे. द्यायचे असेल तर ‘बहुधा’ पुरते, पण मिळायचे असेल तर ते जवळजवळ निश्चित असावे लागते. या लेखी मान्यतेने ती कसोटी पूर्ण झाली. तरीही 36 लाखांतून 15 वजा करून ताळेबंदात 21 लाखांची तरतूद दाखवता येत नाही. ग्राहकाचे देणे कंपनीवरच आहे, विमा कंपनीने उद्या पैसे दिले नाहीत तरी ते फिटत नाही. म्हणून देणे पूर्ण दाखवायचे आणि विम्याचे येणे मालमत्ता म्हणून वेगळे दाखवायचे. नफा-तोटा पत्रकात मात्र दोन्हींची वजाबाकी करून एकच आकडा दाखवण्याची मुभा आहे.

जून 2025 च्या अखेरीस निकाल लागला. एवढ्या लवकर निकाल लागणे विरळाच, पण उदाहरणात तो लागू देऊ. न्यायालयाने खराब मालाचे 40 लाख आणि उत्पादनाबद्दल 12 लाख, असे 52 लाख रुपये मंजूर केले आणि दावा दाखल झाल्यापासून रक्कम देईपर्यंत वर्षाला 9 टक्के सरळ व्याज लावले. 2024-25 चे हिशेब ऑगस्टमध्ये मंजूर व्हायचे होते, त्यामुळे हा निकालही 31 मार्च 2025 च्या परिस्थितीचाच पुरावा ठरला. तरतूद मोजताना व्याज विसरून चालत नाही. 1 डिसेंबर 2023 ते 31 मार्च 2025 हे 16 महिने होतात, त्या काळाचे व्याज 6 लाख 24 हजार. एकूण देणे 58 लाख 24 हजार. आधीची तरतूद 36 लाख असल्याने त्या वर्षी आणखी 22 लाख 24 हजार खर्ची पडले आणि विम्याचे 15 लाख त्याच्या समोर आले, म्हणजे नफ्यावरचा निव्वळ परिणाम 7 लाख 24 हजारांचा झाला. ताळेबंदात मात्र एका बाजूला 58 लाख 24 हजार आणि दुसऱ्या बाजूला 15 लाख असे दोन स्वतंत्र आकडे दिसतात.

हीच कंपनी इंड-एएस 37 खाली असती आणि पैसे अनेक वर्षांनी द्यायचे असते, तर भविष्यातील देण्याचे आजचे मूल्य काढून तरतूद करावी लागली असती आणि दरवर्षी ती वाढत जाताना तो फरक वित्तीय खर्चात गेला असता. एएस 29 मध्ये दाव्याच्या तरतुदीसाठी असे आजचे मूल्य काढायचे नसते.

कंपनीने उच्च न्यायालयात अपील केले. त्याबरोबर एक जुना युक्तिवाद पुन्हा कानावर आला : अपील दाखल आहे, निकाल अंतिम नाही, म्हणून तरतूद काढून टाकून रक्कम टिपेत न्यावी. अपील दाखल करणे हा कंपनीचा स्वतःचा निर्णय आहे, पैसा जाण्याची शक्यता त्याने कमी होत नाही. शक्यता कमी होईल ती खालच्या निकालात ठोस कायदेशीर चूक दाखवता आली तर, आणि तसे मत लेखी व कारणांसहित मिळाले तर. इथे वकिलांचे मत होते की रक्कम थोडी कमी होऊ शकेल, दोषाचा निष्कर्ष उलटणे कठीण आहे. त्यामुळे तरतूद तशीच राहिली आणि 2025-26 मध्ये तिच्यात वर्षभराच्या व्याजाचे 4 लाख 68 हजार मिळवले गेले, म्हणजे ती 62 लाख 92 हजारांवर गेली.

अंमलबजावणीला स्थगिती देताना न्यायालयाने काही रक्कम जमा करायला सांगितली आणि कंपनीने मार्च 2026 मध्ये 30 लाख रुपये जमा केले. हे 30 लाख खर्च नाहीत. ती न्यायालयाकडे ठेवलेली अनामत आहे आणि मालमत्तेच्या बाजूला राहते. तरतुदीचा आकडा त्यामुळे 32 लाख 92 हजार होत नाही. उलट काही कंपन्या असे मानतात की पैसे जमा केले म्हणजे खर्च झालाच, आणि काही असे की पैसे परत मिळणारच म्हणून तरतुदीची गरज नाही. दोघेही जमा केलेल्या रकमेवरून जबाबदारीचा निष्कर्ष काढतात. प्रत्यक्षात देणे किती याचे उत्तर पुराव्यातून येते, आणि अनामत फक्त पैसा आज कुठे पडून आहे एवढेच सांगते.

प्राप्तिकराबद्दल थोडक्यात. करपात्र उत्पन्न मोजण्याच्या मानकांपैकी आयसीडीएस 10 मध्ये ‘बहुधा’ ऐवजी ‘वाजवी निश्चिती’ ही अधिक कडक कसोटी आहे. त्यामुळे 2023-24 मधली 36 लाखांची तरतूद लेखामानकाप्रमाणे बरोबर असूनही त्याच वर्षी कराच्या हिशेबात वजावट म्हणून मिळेलच असे नाही. या कारणाने तरतूद पुढे ढकलण्याचा मोह होतो, पण दोन्ही कसोट्या वेगळ्या आहेत आणि एकीचे उत्तर दुसरीला लावता येत नाही.

बाहेरच्या वाचकाला, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेच्या अधिकाऱ्याला किंवा समभागधारकाला, वकिलाचे पत्र दिसत नाही. त्याच्या हाती टिपा असतात आणि त्यांतून बरेच कळते. आकस्मिक देयतेचा आकडा सलग चार-पाच वर्षे पैशापर्यंत तोच असेल, तर बहुधा कोणी त्या दाव्याकडे पुन्हा पाहिलेलेच नाही, कारण चालू दाव्यात निदान व्याज तरी वाढत असते. तोट्याच्या वर्षी एखादी मोठी तरतूद परत उत्पन्नात घेतलेली दिसली आणि तिचे कारण टिपेत नसेल, तर चांगल्या वर्षी ती गरजेपेक्षा जास्त केलेली असण्याची शंका घ्यावी. ‘सर्वसाधारण आकस्मिकतेसाठी तरतूद’ अशा नावाचे खाते दिसले, तर त्यामागे कोणती घडलेली घटना आहे ते विचारावे, कारण घटनेशिवाय केलेली तरतूद मानकाला मान्य नाही. मालमत्तेत न्यायालयातील अनामत दिसते आहे, पण देण्यांमध्ये तरतूदही नाही आणि टिपांमध्ये त्या वादाचा उल्लेखही नाही, अशी स्थिती असेल तर लेखापरीक्षकाच्या अहवालाकडे वळावे. प्रलंबित दाव्यांचा आर्थिक स्थितीवरील परिणाम कंपनीने हिशेबात सांगितला आहे की नाही, हे त्याला 2014 च्या लेखापरीक्षण नियमांतील नियम 11 नुसार आपल्या अहवालात लिहावेच लागते, आणि त्या ओळीत ज्या टिपेचा क्रमांक दिलेला असतो ती टीप उघडून वरच्या चारही मागण्यांसारखी फोड तिथे सापडते का हे पाहता येते.